'तुझा' की 'तुझी'? पत्राच्या शेवटच्या ओळीतली गंमत



मागच्या महिन्यात आमच्या साताऱ्याच्या घरी एक आंतर्देशीय पत्र आलं. बंगळुरूहून, माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याचं. आजीला लिहिलेलं त्याचं पहिलं मराठी पत्र. आईने चष्मा लावून ते मोठ्याने वाचायला घेतलं. सायकल, क्रिकेट, शेजारच्यांचं मांजर असं सगळं त्यात होतं. आई कौतुकाने वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि एकदम हसायला लागली. शेवटी लिहिलं होतं, 'तुझी' आणि त्याखाली भाच्याचं नाव.

आईने लगेच फोन लावला. "अरे, माझा नातू 'तुझी' कधीपासून झाला?" तिच्या मनात काही नव्हतं, पण पलीकडे एकदम शांतता. मग बारीक आवाजात उत्तर आलं, "पुढचं पत्र मी इंग्लिशमध्येच लिहीन."

आईचं हसू तिथेच थांबलं. तिला पत्र हवं होतं, आणि मराठीतच हवं होतं. मग ही चूक निस्तरायचं काम माझ्याकडे, म्हणजे मावशीकडे आलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर बसलो, आणि त्याला समजावता समजावता माझ्याच डोक्यातल्या काही गोष्टी स्पष्ट झाल्या. आजचा लेख त्यावरच.

त्याने 'तुझी' का लिहिलं?

मी त्याला आधी हेच विचारलं. तो म्हणाला, "आजी बाई आहे ना? मग 'तुझी'."

विचार केला तर हे उत्तर अगदीच चुकीचं नाही. 'तुझी' हा शब्द आजीशी बोलताना वापरायचा, म्हणून तो आजीप्रमाणे बदलेल, असं त्याला वाटलं. शिवाय तो राहतो बंगळुरूत. तिथे कन्नडमध्ये पत्राच्या शेवटी 'निम्म' लिहितात. लिहिणारा मुलगा असो की मुलगी, 'निम्म' तेच राहतं. इंग्रजीतलं 'युवर्स'ही तसंच आणि बंगालीतलं 'तोमार'ही तसंच. त्यामुळे बंगळुरू किंवा कोलकात्यात वाढणाऱ्या मराठी मुलाला आजूबाजूला या गोष्टीचा सराव मिळत नाही. इंदूरच्या मुलाला 'तुम्हारा पोता, तुम्हारी पोती' हे हिंदीतून सवयीचं असतं. बडोद्याच्या मुलाला गुजरातीतलं 'तमारो, तमारी' माहीत असतं. त्यांची ही चूक सहसा होत नाही.

मी त्याला म्हटलं, "बरं, आजीच्या डब्याबद्दल बोलायचं असेल तर काय म्हणशील?"

"तुझा डबा."

"आणि आजीच्या पिशवीबद्दल?"

"तुझी पिशवी."

"पण आजी तर दोन्ही वेळा बाईच आहे. मग एकदा 'तुझा' आणि एकदा 'तुझी' का?"

तो थांबला. मग म्हणाला, "कारण डबा तो आणि पिशवी ती."

झालं! नियम त्याला आधीपासूनच येत होता. 'तुझा' की 'तुझी' हे कुणाची वस्तू आहे यावर ठरत नाही, कुठली वस्तू आहे यावर ठरतं. आणि पत्राच्या शेवटी ती 'वस्तू' म्हणजे आपण स्वतः असतो! आजीचा कोण? तर नातू. म्हणून 'तुझा'. 'नातू' हा शब्द आपण पुष्कळदा लिहीत नाही, थेट नाव लिहितो, पण तो तिथे लपलेला असतोच.

एक शब्द, दोन माणसं

मग मी त्याला कागदावर 'तुझा' लिहून दाखवला आणि मधोमध एक रेघ मारली. 'तुझ' एकीकडे, काना दुसरीकडे.

'तुझ' हा भाग ज्याला पत्र लिहितो त्याचा. ती व्यक्ती आपली 'तू' असेल तर 'तुझ', 'तुम्ही' असेल तर 'तुमच' आणि 'आपण' म्हणण्याइतकी मानाची किंवा परकी असेल तर 'आपल'. शेवटची मात्रा मात्र लिहिणाऱ्याची. मुलगा असेल तर काना, मुलगी असेल तर दीर्घ वेलांटी.

म्हणून आजीला लिहिताना भाचा 'तुझा' आणि त्याची मोठी बहीण 'तुझी'. आजोबांना तो 'अहो आजोबा' म्हणतो, म्हणून त्यांना लिहिताना तो 'तुमचा' आणि ती 'तुमची'. आजीच्या जागी आजोबा आले की शब्दाचा पुढचा भाग बदलतो, मात्रा बदलत नाही. भाच्याच्या जागी भाची आली की मात्रा बदलते, पुढचा भाग बदलत नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांभाळायची. पत्रभर ज्याला 'तुम्ही' म्हटलं, त्याला शेवटी 'तुझा' म्हणून चालत नाही. घाईत असं होतं, विशेषतः आई-बाबांना एकत्र पत्र लिहिताना. बऱ्याच घरांत आईला 'अगं' आणि बाबांना 'अहो' असतं. दोघांना मिळून एकच पत्र असेल तर 'तुमचा' किंवा 'तुमची' हेच बरोबर, कारण 'तुम्ही' मानाचंही आहे आणि दोघांना मिळूनही आहे.

शंका आली तर नातं लिहून बघा

भाच्याला मी एक साधी युक्ती दिली. शेवटचा शब्द लिहिण्याआधी मनात नातं जोडायचं आणि मोठ्याने म्हणून बघायचं. 'तुझी नातू' असं म्हटलं की मराठी कानाला ते लगेच खटकतं. 'तुझा नातू' म्हटलं की सुटलं.

ही युक्ती अवघड ठिकाणीही चालते. काही नमुने बघा:

- आई मुलाला लिहिते तेव्हा 'तुझी आई', पण बाबा लिहितात तेव्हा 'तुझे बाबा'. बाबांना आपण 'बाबा आले' म्हणतो, 'बाबा आला' नाही. तोच मान इथे दिसतो. 'तुझे आजोबा' हेही तसंच.
- मुलगी आईला लाडाने 'तुझं लेकरू' लिहिते, मुलगाही तेच लिहितो. लेकरू 'ते' असतं, म्हणून दोघांनाही 'तुझं'.
- दोन मैत्रिणी मिळून तिसरीला पत्र लिहितात तेव्हा 'तुझ्या मैत्रिणी'. दोन मित्र असतील तर 'तुझे मित्र'.

माझा सगळ्यात आवडता शब्द आहे 'लेक'. 'तुझी लेक' म्हणजे मुलगी आणि 'तुझा लेक' म्हणजे मुलगा. शब्द तोच, लिहिणारा कोण ते फक्त आधीची मात्रा सांगते. पाकिटावर नाव नसेल तरी एवढ्यावरून घरच्यांना कळेल, पत्र मुलाचं की मुलीचं.

एक छोटी सूचना मोठ्या वाचकांसाठी. 'तुझाच' आणि 'तुझीच' यांतला 'च' साधा नाही. 'फक्त तुझा' असा त्याचा अर्थ होतो. नवरा-बायकोच्या पत्रात तो छान दिसतो. ऑफिसातल्या सहकाऱ्याला घाईत पाठवलेल्या मेसेजखाली मात्र तो निघून गेला, तर समजावत बसावं लागेल!

'ती. आजी', मग 'तो. आजोबा'?

शेवट सुटला तसा भाच्याने पत्राच्या सुरुवातीचा प्रश्न काढला. त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं की आजीला 'ती. आजी' असं लिही. त्याने लिहिलं. पण आता मुलगा-मुलगीचा हिशोब डोक्यात बसल्यावर त्याने विचारलं, "मावशी, आजीला 'ती.' ठीक आहे. आजोबांना 'तो.' लिहायचं का?"

मी इतकी हसले की आई आतून बघायला आली. पण या वेळी मी लगेच सांगून टाकलं की प्रश्न भारी आहे.

पत्राच्या सुरुवातीला ज्या शब्दांनी आपण समोरच्याला हाक मारतो, त्याला 'मायना' म्हणतात. मायन्यातलं 'ती.' म्हणजे 'तीर्थरूप'. ते संक्षिप्त रूप आहे, म्हणून पुढे टिंब आहे. आई-वडील तीर्थासारखे पवित्र, अशी त्यामागची भावना. बाई-पुरुष असा फरक त्यात नाही. 'ती. आईस' आणि 'ती. बाबांस' दोन्ही बरोबर. मूळ रिवाज असा की 'तीर्थरूप' आई-वडिलांसाठी आणि त्यांच्या जागी असणाऱ्या इतर वडीलधाऱ्यांसाठी 'तीर्थस्वरूप', म्हणजे 'ती. स्व.'. पण पुष्कळ घरांत आजी-आजोबांनाही 'ती.'च लिहितात. आमच्याकडेही तसंच आहे.

आपल्याहून लहानांसाठी 'चि.', म्हणजे 'चिरंजीव', खूप जग असा आशीर्वाद. म्हणून आजी नातवाला 'चि.' लिहील, पण नातवाने आजीला 'चि.' लिहायचं नाही. बरोबरीच्या माणसाला 'प्रिय'. आता आई-बाबांनाही 'प्रिय आई', 'प्रिय बाबा' असं सर्रास लिहितात आणि त्यात काही कमीपणा नाही. 'प्रिय' हाही शब्द मुलगा-मुलगी बघून बदलत नाही.

जुन्या पत्रांत मायन्याखाली 'सा. न. वि. वि.' दिसतं. ते 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', मोठ्यांसाठी. 'स. न. वि. वि.' म्हणजे 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष', ते बरोबरीच्यांसाठी. घरी ट्रंकेत जुनी पत्रं असतील तर काढून बघा. पहिल्या दोन ओळींतच कळतं, कोण मोठं आणि कोण धाकटं.

म्हणजे मायना पूर्णपणे समोरच्या माणसाकडे बघून ठरतो. तुम्ही मुलगा की मुलगी, याचा त्याच्याशी संबंध नाही. तुमची ओळख येते ती थेट शेवटी.

अर्जातली गडबड

हे सगळं ऐकत माझी पंधरा वर्षांची भाची मागे बसली होती. तिला त्यांच्याकडच्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयाचं सभासद व्हायचं होतं आणि त्यासाठी मराठीत अर्ज लिहायचा होता. मंडळाच्या सचिव एक बाई आहेत. तिने शाळेच्या पुस्तकातला नमुना समोर ठेवून अर्ज लिहिला होता. वर 'महोदय' आणि खाली 'आपला/आपली कृपाभिलाषी'. ती तिरकी रेघसुद्धा तिने जशीच्या तशी उतरवली होती!

नमुन्यात ती रेघ असते, कारण पुस्तक मुलांचंही असतं आणि मुलींचंही. त्यातलं एक निवडायचं असतं. आम्ही दोन्ही टोकं वेगवेगळी तपासली. वरच्या टोकाला वाचणाऱ्या सचिव बाई, म्हणून 'महोदया'. खालच्या टोकाला लिहिणारी भाची, म्हणून 'आपली'. हाच अर्ज तिच्या भावाने केला असता तर वर 'महोदया'च राहिलं असतं आणि खाली 'आपला' आलं असतं. दोन्ही टोकं जुळलीच पाहिजेत असं मुळीच नाही.

तिची पुढची शंका 'कृपाभिलाषी'बद्दल होती. शेवटी दीर्घ वेलांटी आहे, मग मुलाने 'कृपाभिलाषा' लिहायचं का? नाही. कृपेची अभिलाषा करणारा तो कृपाभिलाषी आणि करणारी तीही कृपाभिलाषी. 'विश्वासू', 'नम्र' आणि 'आज्ञाधारक' हे शब्दही बदलत नाहीत. 'आपला विश्वासू', 'आपली विश्वासू'. बदलतो तो फक्त पहिला शब्द. पुढे 'विद्यार्थी' जोडलं तर मुलीने 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी' लिहायचं, एवढंच.

इथे मला माझी फजिती सांगावीच लागली. कॉलेज संपल्यावर मी एका ठिकाणी मराठीत अर्ज केला होता. इंटरनेटवरून नमुना उतरवला, नाव-पत्ता बदलला आणि दिला. खाली 'आपला विश्वासू' आणि त्याखाली माझं नाव. समोरच्या बाईंनी अर्ज वाचून शांतपणे विचारलं, "हा अर्ज तुमचा की तुमच्या भावाचा?"

माझ्या लक्षात का आलं नाही, ते नंतर कळलं. अर्जाच्या भाषेत 'मी अर्ज करत आहे', 'मला संधी मिळावी' अशी वाक्यं असतात. ती मुलगाही तशीच लिहितो आणि मुलगीही. घरच्या पत्रात 'मी वाट बघते' किंवा 'मी वाट बघतो' येतं, त्यामुळे लिहिणारं कोण ते पावलोपावली कळत राहतं. अर्जात ते पुष्कळदा शेवटच्या ओळीपर्यंत लपलेलं असतं. उतरवलेला अर्ज म्हणूनच खालून तपासायचा. आधी शेवटचा शब्द बघायचा, मग 'विनंती करतो' किंवा 'कळवतो' अशी क्रियापदं शोधायची. मोबाईलवर टाइप करताना तर आणखी जपायचं. 'आपला' काय आणि 'आपली' काय, दोन्ही बरोबर शब्द असल्यामुळे खाली लाल रेघ येत नाही.

आणि काही कारणाने शेवटी आपण स्त्री की पुरुष हे सांगायचंच नसेल तर? मराठीत त्याचीही सोय आहे. 'सस्नेह' किंवा 'स्नेहपूर्वक' लिहून खाली नाव लिहायचं. किंवा जुन्या पद्धतीने 'कळावे, लोभ असावा' म्हणायचं आणि सही करायची. यातला एकही शब्द लिहिणाऱ्याप्रमाणे बदलत नाही.

पुन्हा 'तुझी'

दोन आठवड्यांनी दुसरं आंतर्देशीय आलं. या वेळी दोघा भावंडांनी मिळून लिहिलं होतं. आईने ते आधी उलटं करून शेवटच बघितला. तिथे ठळक अक्षरांत होतं:

'तुझी नातवंडं'

आणि खाली दोघांची नावं.

फोनवर भाचा जाम खूश होता. "मावशी, बघ! मी परत 'तुझी' लिहिलं आणि आता ते बरोबर आहे!"

खरंच बरोबर आहे. 'नातवंड' हा शब्द 'ते नातवंड' असा आहे आणि अनेक झाली की 'ती नातवंडं'. 'ती मुलं'सारखं. म्हणून 'तुझी नातवंडं', 'तुमची मुलं'. इथली वेलांटी मुलीची नाही, सगळ्या पोरांची मिळून आहे. त्याने मनात नातं जोडलं, मोठ्याने म्हणून बघितलं आणि कानाला पटलं ते लिहिलं.

आईने उत्तर लगेच लिहायला घेतलं. वर 'चि.' लिहून दोघांची नावं, मग 'अनेक आशीर्वाद'. शेवटी पेन थांबलं. आजोबांनाही सही करायची होती. एकट्या आईचं असतं तर 'तुमची आजी' आणि एकट्या बाबांचं असतं तर 'तुमचे आजोबा'. दोघांचं मिळून काय?

बाबांनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'तुमचे आजी-आजोबा'.

आता तुम्ही सांगा, तुमच्या घरी आलेल्या शेवटच्या पत्राखाली काय लिहिलं होतं? नसेल आठवत तर एक पत्र तुम्हीच लिहा. आणि 'तुझा' की 'तुझी' यावर अडलात, तर आधी नातं लिहून बघा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
पत्रातली मावशी